मोकळा इलेक्ट्रॉन ‘पसरतो’ म्हणजे नेमकं काय होतं? समूहवेग, कलावेग आणि तरंगपुंजाची गोष्ट

समजा, पूर्ण निर्वात नळीत एक इलेक्ट्रॉन सोडला आहे. त्याच्यावर कुठलंही बल नाही. न्यूटनच्या नियमांप्रमाणे तो सरळ रेषेत, एकाच वेगाने जात राहील आणि कोणत्या क्षणी तो कुठे असेल हे आधीच सांगता येईल. क्वांटम यांत्रिकीचं उत्तर वेगळं आहे. इलेक्ट्रॉन सरासरीने त्याच वेगाने पुढे जातो, पण तो कुठे सापडेल याबद्दलची संदिग्धता वेळेबरोबर वाढत जाते. कोणी धक्का दिला नाही, कशावर आदळला नाही, तरी ही वाढ थांबत नाही.

यालाच ‘तरंगपुंजाचं पसरणं’ म्हणतात. १९२६ साली याच मुद्द्यावर भौतिकशास्त्रातल्या एका मोठ्या कल्पनेला तडा गेला. हे पसरणं समजण्यासाठी आधी लाटेचे दोन वेगवेगळे वेग समजून घ्यावे लागतात.

तरंगपुंज म्हणजे काय?

क्वांटम यांत्रिकीत कणाचं वर्णन तरंगाने होतं. तरंगाची लांबी कणाच्या संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर, ठरते. संवेग जितका जास्त, तितकी तरंगलांबी कमी.

आता अडचण अशी की एकाच तरंगलांबीची शुद्ध लाट सगळीकडे सारखीच असते. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, मधे फुगवटा नाही. अशा लाटेने वर्णन केलेला कण ‘इथे आहे’ असं म्हणताच येत नाही.

कण एका ठरावीक जागेच्या आसपास आहे असं दाखवायचं तर थोड्या-थोड्या वेगळ्या तरंगलांबीच्या पुष्कळ लाटा एकमेकींत मिसळाव्या लागतात. एका जागी त्यांची शिखरं जुळतात आणि तिथे मोठा फुगवटा तयार होतो. तिथून दूर गेलं की एकीचं शिखर दुसरीच्या दरीवर येतं आणि सगळ्या मिळून एकमेकींना पुसून टाकतात. उरतो तो मर्यादित लांबीचा लाटांचा पुंजका, म्हणजेच तरंगपुंज. इंग्रजीत याला वेव्ह पॅकेट म्हणतात.

पुंज जितका अरुंद हवा, तितक्या जास्त वेगवेगळ्या तरंगलांबीच्या लाटा मिसळाव्या लागतात. तरंगलांबी वेगळी म्हणजे संवेग वेगळा. म्हणून जागा जितकी नेमकी, तितका वेग संदिग्ध. हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम तो हाच. पुढचा सगळा खेळ याच गोष्टीवर उभा आहे.

एका पुंजाचे दोन वेग

शांत, खोल तळ्यात मोठा दगड टाकला की लाटांचं एक कडं बाहेर सरकत जातं. कड्यातल्या एकाच शिखरावर नजर ठेवली तर एक गंमत दिसते. ते शिखर कड्याच्या आतल्या कडेला जन्म घेतं, कड्यातून पुढे पळतं आणि बाहेरच्या कडेला पोहोचल्यावर विरून जातं. शिखराचा वेग एक आणि अख्ख्या कड्याचा वेग दुसरा. खोल पाण्यात कडं शिखरांच्या निम्म्याच वेगाने जातं.

शिखराच्या वेगाला कलावेग म्हणतात, इंग्रजीत फेज व्हेलॉसिटी. पुंजाच्या फुगवट्याच्या वेगाला समूहवेग म्हणतात, इंग्रजीत ग्रुप व्हेलॉसिटी. सगळ्या तरंगलांब्या एकाच वेगाने धावत असतील तर हे दोन्ही वेग सारखे असतात. तरंगलांबीप्रमाणे वेग बदलत असेल तर ते वेगळे होतात.

समूहवेग म्हणजे मिसळलेल्या लाटांच्या वेगांची सरासरी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे, आणि हे साध्या बेरजेने पाहता येतं.

दोन लाटा घेऊ. पहिलीची तरंगलांबी ६ सेंटीमीटर, वेग सेकंदाला ५ सेंटीमीटर. दुसरीची तरंगलांबी ५ सेंटीमीटर, वेग सेकंदाला ६ सेंटीमीटर. या क्षणी दोघींचं एक-एक शिखर शून्य खुणेवर नेमकं जुळलेलं आहे, म्हणजे फुगवटा शून्यावर आहे. पहिलीचं पुढचं शिखर ६ वर आहे आणि दुसरीचं ५ वर. दुसरीचं शिखर १ सेंटीमीटर मागे आहे, पण ती दर सेकंदाला १ सेंटीमीटर जास्त धावते. म्हणजे बरोबर एका सेकंदात ती दोन शिखरं जुळतील. कुठे? पहिलीचं शिखर ६ वरून ५ सेंटीमीटर पुढे, म्हणजे ११ वर. दुसरीचं ५ वरून ६ सेंटीमीटर पुढे, म्हणजे तेही ११ वर.

फुगवटा एका सेकंदात शून्यावरून ११ वर पोहोचला! लाटांचे वेग ५ आणि ६, पण फुगवट्याचा वेग ११. फुगवटा ही कुठली एक लाट नाही, ती लाटा जुळण्याची जागा आहे. त्या जागेचा वेग लाटांच्या वेगांपेक्षा पूर्ण वेगळा असू शकतो.

या उदाहरणातले आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. इथे वेग आणि तरंगलांबी यांचा गुणाकार दोन्ही लाटांसाठी ३० येतो, म्हणजे लाट जितकी आखूड तितकी ती वेगवान. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या लाटा अगदी अशाच वागतात.

इलेक्ट्रॉनसाठी हिशोब

मोकळ्या कणाकडे फक्त गतिज ऊर्जा असते. ऊर्जा लाटेची वारंवारता ठरवते आणि संवेग तरंगलांबी ठरवतो. हे दोन्ही एकत्र केले की असा संबंध मिळतो:

ω = ħk² / 2m

इथे ω ही कोनीय वारंवारता, k ही तरंगसंख्या (2π भागिले तरंगलांबी), m हे वस्तुमान आणि ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले 2π. यावरून दोन वेग लगेच निघतात:

कलावेग = ω/k = ħk / 2m
समूहवेग = dω/dk = ħk / m

ħk म्हणजे संवेग. त्याला वस्तुमानाने भागलं की कणाचा नेहमीचा वेग मिळतो. म्हणजे फुगवटा कणाच्याच वेगाने जातो आणि शिखरं त्याच्या निम्म्या वेगाने. पाण्यातल्या मोठ्या लाटांच्या हे नेमकं उलट आहे. इथे शिखरं पुंजाच्या पुढच्या टोकाला जन्मतात, पुंज त्यांना मागे टाकत जातो आणि ती मागच्या टोकाला विरतात.

पण ‘शिखरांचा वेग निम्मा’ हे वाक्य जपून वापरावं लागतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई डी ब्रॉग्ली यांनी १९२३-२४ मध्ये द्रव्यतरंगांची कल्पना मांडली तेव्हा त्यांनी सापेक्षतेचा सिद्धांत वापरला होता. त्यात कणाच्या ऊर्जेत वस्तुमानाची mc² ही ऊर्जाही धरली जाते. त्या हिशोबात कलावेग c²/v येतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगापेक्षा नेहमीच जास्त! १०० व्होल्टने वेग दिलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ५,९३० किलोमीटर जातो. डी ब्रॉग्लींच्या हिशोबाने त्याच्या शिखरांचा वेग प्रकाशाच्या सुमारे ५० पट निघतो. आधीच्या हिशोबाने तोच वेग सेकंदाला २,९६५ किलोमीटर.

मग खरा कोणता? ऊर्जा मोजायला शून्य कुठे धरायचं हे आपण ठरवतो. mc² धरलं तर प्रत्येक लाटेच्या वारंवारतेत एकच ठरावीक संख्या मिळवली जाते. त्यामुळे ω/k पूर्ण बदलतो, पण ω मधला फरक भागिले k मधला फरक तसाच राहतो, कारण वजाबाकी करताना ती मिळवलेली संख्या निघून जाते. म्हणून कलावेग हा शून्य कुठे धरलं यावर अवलंबून असतो, समूहवेग नाही. शिखराला धरून कुठलाही संदेश, ऊर्जा किंवा कण पुढे जात नाही. त्यामुळे प्रकाशाच्या ५० पट वेग आला तरी सापेक्षतेचा नियम मोडत नाही. डी ब्रॉग्लींनीही समूहवेग कणाच्या वेगाइतकाच येतो हे दाखवून दिलं होतं.

मग पुंज पसरतो का?

पुंजात पुष्कळ तरंगलांब्या आहेत आणि समूहवेग तरंगलांबीप्रमाणे बदलतो. आखूड लाटांचा भाग सरासरीपेक्षा पुढे सरकतो, लांब लाटांचा भाग मागे रेंगाळतो. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीला सगळे एका रेषेवर असतात आणि काही वेळाने रस्ताभर लांबलचक रांग होते, तसंच हे. काही काळाने पुंजाच्या पुढच्या टोकाला दाट, आखूड लाटा दिसतात आणि मागच्या टोकाला विरळ, लांब लाटा.

शर्यतीची उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. धावपटू अगदी एकसारख्या वेगाचे निवडले तर रांग पसरणार नाही. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अशी निवड करता येत नाही, कारण पुंज अरुंद असेल तर वेगांमधला फरक असणारच. घंटेच्या आकाराच्या, म्हणजे गाउसच्या पुंजासाठी हा हिशोब पूर्ण सोडवता येतो:

σ(t) = σ₀ √(1 + (ħt / 2mσ₀²)²)

σ₀ ही सुरुवातीची रुंदी आणि σ(t) ही t वेळेनंतरची. इथे रुंदीचा अर्थ असा की सुमारे दोन-तृतीयांश वेळा कण मध्यापासून एवढ्या अंतराच्या आत सापडतो. सुरुवातीला काही काळ रुंदी जवळपास बदलत नाही. मग ती वेळेच्या सम प्रमाणात वाढू लागते, आणि वाढण्याचा वेग असतो ħ/2mσ₀. σ₀ छेदात आहे. म्हणजे पुंज सुरुवातीला जितका अरुंद, तितका तो झपाट्याने पसरतो.

एक मीटरचा प्रवास

वरचाच १०० व्होल्टचा इलेक्ट्रॉन घेऊ. त्याची तरंगलांबी सुमारे ०.१२३ नॅनोमीटर. एक मीटर जायला त्याला साधारण ०.१७ मायक्रोसेकंद लागतात. प्रवासाच्या शेवटी पुंज किती लांब झालेला असेल?

सुरुवातीची रुंदी ०.१ नॅनोमीटर, म्हणजे साधारण एका अणूएवढी धरली, तर वेगातली संदिग्धता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येते. मीटरभर अंतर संपेपर्यंत पुंज जवळपास १० सेंटीमीटर रुंद झालेला असतो, म्हणजे सुरुवातीच्या सुमारे शंभर कोटी पट.

सुरुवातीची रुंदी १ मायक्रोमीटर, म्हणजे दहा हजार पट जास्त ठेवली, तर शेवटची रुंदी फक्त ९.८ मायक्रोमीटर होते. जास्त रुंद सुरुवात केल्याने शेवट जास्त अरुंद झाला!

मग सुरुवात आणखी रुंद करत गेलं तर? एका मर्यादेपर्यंतच फायदा होतो, कारण शेवटची रुंदी सुरुवातीच्या रुंदीपेक्षा कमी होऊच शकत नाही. या प्रवासासाठी सगळ्यात चांगली सुरुवात सुमारे ३.१ मायक्रोमीटरची, आणि शेवटी मिळणारी रुंदी ४.४ मायक्रोमीटर. यापेक्षा अरुंद निकाल अशा साध्या पुंजातून मिळत नाही. पुंज आधीच असा तयार केला, की वेगवान भाग मागे आणि संथ भाग पुढे असेल, तर तो वाटेत काही काळ आकसतो. पण वेगवान भाग पुढे निघून गेला की पसरणं पुन्हा सुरू होतं.

प्रत्यक्ष प्रयोगात हे मोजताना एक गल्लत होऊ शकते. तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत मुळातच काही दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक असतो. १०० व्होल्टच्या झोतात अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरकही मीटरभरात सुमारे अडीच मिलिमीटरचं अंतर पाडतो. शिवाय एकाच घोळक्यात पुष्कळ इलेक्ट्रॉन असतील तर ते एकमेकांना ढकलतात. त्यामुळे झोत पसरलेला दिसला म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा तरंगपुंज पसरला, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

नेमकं पसरतं ते काय?

एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये आपलं तरंगसमीकरण मांडलं तेव्हा त्यांची आशा अशी होती की कण म्हणजेच तरंगपुंज. इलेक्ट्रॉन हा लाटांचा घट्ट गोळा आहे आणि दुरून पाहिल्यावर तो बिंदूसारखा दिसतो, एवढंच. डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लॉरेंट्झ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना पत्र लिहून नेमकी दुखरी जागा दाखवली. असा पुंज कालांतराने पसरतो. मग कायम एकसंध राहणाऱ्या इलेक्ट्रॉनचं चित्र त्यातून कसं उभं राहणार?

श्रोडिंगर यांच्याकडे एक उदाहरण होतं. स्प्रिंगला बांधल्यासारख्या, दोलन करणाऱ्या कणाचा विशिष्ट पुंज न पसरता मागे-पुढे हलत राहतो. पण तिथे बल कणाला सतत मध्याकडे ओढत असतं. मोकळ्या कणासाठी ही सोय नाही.

उत्तर मॅक्स बॉर्न यांच्याकडून त्याच वर्षी आलं. लाट म्हणजे इलेक्ट्रॉनचं शरीर नाही. एखाद्या जागी लाटेच्या उंचीचा वर्ग म्हणजे तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता. म्हणून १० सेंटीमीटर पसरलेल्या पुंजाचा अर्थ इलेक्ट्रॉन १० सेंटीमीटरचा झाला असा होत नाही. तो सापडतो तेव्हा एकाच बिंदूवर, पूर्ण विद्युतभारासह सापडतो. तोच प्रयोग हजार वेळा केला तर हजार ठिपके मिळतात आणि त्या ठिपक्यांचा पसारा पुंजाची रुंदी दाखवतो. जपानमध्ये हिताची कंपनीत अकिरा टोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून केलेल्या प्रयोगात हे थेट दिसलं. पडद्यावर एक-एक ठिपका उमटत गेला आणि हजारो ठिपके साठल्यावर लाटांची पट्टेदार नक्षी तयार झाली.

पसरताना एक गोष्ट अजिबात बदलत नाही. पुंजात कोणत्या संवेगाचा वाटा किती हे सुरुवातीला ठरलेलं असतं आणि तसंच राहतं, कारण बदलायला बलच नाही. म्हणून ऊर्जाही तेवढीच राहते. पसरणं म्हणजे ऊर्जा विखुरणं किंवा कण झिजणं नाही. आधीपासून असलेली वेगाची संदिग्धता हळूहळू जागेच्या संदिग्धतेत उतरते, इतकंच.

धुळीचा कण का पसरत नाही? आणि प्रकाश?

सूत्रात वस्तुमान छेदात आहे. एक मायक्रोग्रॅमचा धुळीचा कण घेतला आणि त्याची जागा एक मायक्रोमीटरपर्यंत नेमकी ठरवली, तर केवळ या कारणाने त्याची रुंदी लक्षात येण्याइतकी (सुमारे १.४ पट) वाढायला जवळपास ६ लाख वर्षं लागतील. तेवढ्याच रुंदीच्या इलेक्ट्रॉनला त्यासाठी सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळ पुरतो. रोजच्या जगात क्रिकेटचा चेंडू धूसर होताना दिसत नाही तो यामुळे.

निर्वातातल्या प्रकाशात मात्र सगळ्या तरंगलांब्या एकाच वेगाने जातात. तिथे कलावेग आणि समूहवेग सारखेच असतात आणि प्रकाशाचा स्पंद जाण्याच्या दिशेने लांबत नाही, बाजूंना तेवढा पसरतो. काचेत शिरल्यावर चित्र बदलतं. तिथे रंगाप्रमाणे वेग बदलतो. शाळेत लोलकातून दिसणारं प्रकाशाचं अपस्करण याचाच परिणाम. ऑप्टिकल फायबरमधून जाणारे स्पंदही याच कारणाने लांबतात, आणि लांबून एकमेकांत मिसळले तर संदेश वाचता येत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये हा फरक भरून काढण्याची व्यवस्था करावी लागते.

फायबरमधला स्पंद पसरण्यामागे काच आहे, ती काढली की पसरणं थांबतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वाटेत मात्र काढून टाकण्यासारखं काहीच नसतं. ऊर्जा संवेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वेगवेगळ्या संवेगांचे भाग वेगवेगळ्या वेगांनी जातात. रिकामी जागाच त्याच्यासाठी लोलकाचं काम करते.